नऊ इंची भिंत आणि सेक्रेटरींचा तोंडी होकार

प्रश्न: आमचा फ्लॅट सहकारी सोसायटीत तळमजल्यावर आहे. वर दोन मजले. इमारत 1986 सालची, महापालिका हद्दीत. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली दहा फुटी भिंत काढून सलग खोली करायची आहे. ठेकेदार म्हणतो, ‘गर्डर टाकतो, चार दिवसांचं काम.’ सेक्रेटरींनी तोंडी होकार दिलाय. वरचे गृहस्थ मात्र वकिलाची नोटीस पाठवीन म्हणतात. भिंत माझ्या घराच्या आत, घर माझ्या नावावर, मग त्यांचा काय संबंध? कच्चा नकाशा आणि फोटो जोडले आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

भिंत काढता येण्यासारखी असू शकते. पण ते तुम्ही ठरवायचं नाही, सेक्रेटरींनी नाही आणि ठेकेदाराने तर अजिबात नाही. वरच्या गृहस्थांचा संबंध मात्र अगदी थेट आहे, कारण त्यांच्या घराचा भार बहुधा याच भिंतीवरून जमिनीत उतरतो.

‘बहुधा’ म्हणतो, कारण मी वकील आहे आणि माझ्यासमोर फक्त फोटो आहेत. पण ते फोटो बरंच सांगतात. दरवाजाच्या चौकटीपाशी भिंत नऊ इंची दिसते. छताखाली कुठेही बीम उतरलेला दिसत नाही, खोलीच्या कोपऱ्यांत कॉलमही नाहीत. तुमच्याच नकाशात वरच्या दोन्ही मजल्यांवर भिंत त्याच रेषेत दाखवली आहे. त्या काळच्या तळ अधिक दोन मजली कित्येक इमारती कॉलमविना, नुसत्या विटांच्या भिंतींवर उभ्या केलेल्या आहेत. तुमची त्यांतली असावी.

तरीही जाडी हा पुरावा नव्हे. कॉलम-बीमच्या सांगाड्यातही नऊ इंची भिंत नुसती भरावाची असू शकते. उलट, साडेचार इंची भिंतीवर कालांतराने स्लॅब टेकलेला निघतो. भिंतीवर बोटाने टकटक करून ‘पोकळ वाजते, काढा’ असं निदान करणारे मिस्त्री मला भेटले आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. खरी तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरने भिंतीच्या माथ्याशी वीतभर प्लास्टर सोलून स्लॅब तिथे टेकलाय का आणि त्यातल्या मुख्य सळया कोणत्या दिशेने जातात ते पाहणं. सळया भिंतीला काटकोनात असतील तर स्लॅब त्या भिंतीवर बसलाय असं बहुतेक वेळा समजावं. जोडीला सोसायटीच्या कपाटातली मंजूर नकाशाची प्रत आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग सापडलं तर उत्तम.

आता त्या ‘गर्डर टाकतो’कडे येतो. पूर्वी एका दाव्यात अशाच भिंतीचा हिशोब एका इंजिनीअरने मला कागदावर करून दाखवला होता, तोच तुमच्या मापांना लावतो. नऊ इंची, दहा फूट उंच भिंतीचं एका मीटर लांबीचं वजन साधारण 1.4 टन. तुमच्या भिंतीच्या डोक्यावर अशा दोन भिंती आहेत. शिवाय तीन स्लॅब: पहिल्या मजल्याचा, दुसऱ्याचा आणि गच्चीचा. दोन्ही बाजूंच्या खोल्या दहा फुटी धरल्या तर प्रत्येक स्लॅब, फरशी आणि माणसा-सामानाचा भार धरून, भिंतीच्या दर मीटरला सुमारे 1.8 टन टाकतो. सगळं मिळून मीटरला आठ-सव्वाआठ टन. तीन मीटर भिंत, म्हणजे पंचवीसेक टन.

आज हे पंचवीस टन तीन मीटर लांबीच्या पायावर पसरलेले आहेत. गर्डर टाकला की ते दोन टोकांवर गोळा होतात, प्रत्येक टोकाखाली साडेबारा टन. पंचवीस टन पेलणारा लोखंडी बीम बाजारात मिळतो, अडचण त्याची नाही. अडचण आहे ती टोकाखालच्या विटांची. जुन्या विटकामावर सुरक्षितपणे टाकता येणारा भार धरला तर साडेबारा टनांना नऊ इंची भिंतीची मीटरभर लांबी लागते. ठेकेदार गर्डर वीतभर आत घुसवून मोकळा होतो आणि त्या वीतभर जागेतल्या विटा चिरडायला लागतात. म्हणून जाणकार इंजिनीअर नुसता बीम देत नाही. तो दोन्ही बाजूंना कॉलम उभे करून त्यांच्याखाली नवीन पाया देतो किंवा निदान टोकांखाली काँक्रीटचा जाड ठोकळा घालून भार पसरवतो. विटांच्या इमारतीत भूकंपाचा आडवा धक्का भिंतीच झेलतात, त्यामुळे एक भिंत गेल्यावर उरलेल्या पुरतात का, हेही त्याला तपासावं लागतं. नुसत्या बीमऐवजी कॉलम-बीमची चौकट करण्यामागे हे दुसरं कारण असतं.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी दोन्ही खोल्यांत स्लॅबखाली लोखंडी टेकू लागतात. भिंतीच्या डोक्यावर बसलेली वरची भिंत मात्र स्लॅबच्या टेकूंनी सुटत नाही. तिच्यासाठी भोकं पाडून आडवे दांडे घालतात आणि त्यांना दोन्हीकडून टेकू देतात. मग तुकड्यातुकड्याने भिंत काढायची, बीम चढवायचा आणि बीम व वरचं विटकाम यांच्यामधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची. ते पूर्ण पकडेपर्यंत टेकू हलवायचे नाहीत. घाई इथेच होते. फट भरलीच नाही किंवा ओली असताना टेकू काढले, की वरचा सगळा भाग काही मिलिमीटर खाली बसतो आणि ते वरच्या घरात दिसतं.

माझ्याकडे आलेल्या एका अशिलाने असं काम उरकून टाकलं होतं. तीन महिन्यांनी वरच्या बाईंचा बेडरूमचा दरवाजा लागेना. मग चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेली, वर रुंद आणि खाली बारीक. बीमची टोकं अर्ध्या विटेवर टेकवलेली निघाली. दावा चालू असताना अशिलाच्या नव्याकोऱ्या सलग हॉलमध्ये सात महिने अठरा टेकू उभे होते, आणि त्यांच्यामधून वाट काढत ते लोक जेवायला बसत.

आता कायदा. तुम्हाला कोणीतरी सांगेल की ‘आतल्या कामाला परवानगी लागत नाही’, आणि ते पूर्ण खोटं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 च्या परंतुकात, केवळ इमारतीच्या आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती व फेरफार यांना त्या कलमाखालच्या परवानगीतून सूट आहे. (वारसा इमारतींना नाही.) लोक इथेच थांबतात. पण ही सूट त्या एका कायद्यापुरती. छत पेलणाऱ्या भिंतीला हात लावण्याची नोटीस महापालिका कायदा वेगळी मागतो, आणि स्थानिक बांधकाम नियमावली अशा कामात नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअर धरते. शिवाय जी भिंत काढल्याने वरच्या दोन घरांचा आधार बदलतो, तिचा परिणाम ‘फक्त आतल्या भागावर’ होतो असं न्यायालयात सांगण्याचं धाडस मी करणार नाही. तुमच्या महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात इंजिनीअरमार्फत रीतसर अर्ज करा.

‘घर माझ्या नावावर’ याबद्दल. सोसायटीच्या सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट आणि फ्लॅट वापरण्याचा, विकण्याचा हक्क असतो. इमारतीचा सांगाडा सगळ्यांचा. उपविधींप्रमाणे फेरफारासाठी कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे जिन्यात भेटून दिलेल्या होकाराला शून्य किंमत आहे. सेक्रेटरी उद्या ‘मी रंगकामाला हो म्हणालो होतो’ म्हणाले तर तुम्ही काय दाखवाल? मुख्य भिंतीच्या बाबतीत मी अशिलांना कमिटीच्या ठरावावर न थांबता विषय सर्वसाधारण सभेत न्यायला सांगतो. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेटऐवजी डीड ऑफ अपार्टमेंट निघालं तर गोष्ट आणखी कडक आहे: 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात पाया, कॉलम, बीम, आधार आणि मुख्य भिंती नाव घेऊन सामाईक भागात मोजल्या आहेत, आणि इमारतीच्या मजबुतीला बाधा आणणाऱ्या कामाला बाकी सर्व मालकांची एकमताने संमती लागते. तेव्हा आधी कपाट उघडून कागद कोणता आहे ते बघा.

वरच्या गृहस्थांना भेग पडेपर्यंत थांबायची गरज नाही. धोका दिसतो एवढ्या आधारावर ते दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागू शकतात. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असेल, इंजिनीअरचा दाखला कुठे आहे? काम होऊन गेलं असेल तर भिंत पूर्ववत करण्याचा आदेश निघू शकतो, आणि काढण्यापेक्षा पुन्हा बांधणं जड जातं. माणूस दगावला तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं होतं, परिस्थितीनुसार त्याहून गंभीरही. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं.

इंजिनीअरकडून तीन कागद घ्या, सहीशिक्क्यानिशी: पाहणीचा अहवाल, टेकूंच्या मांडणीसह डिझाइन आणि काम झाल्यावर ते डिझाइनप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र. तिसरा कागद मिळवायचा तर टेकू लावताना आणि काढताना इंजिनीअर स्वतः हजर असला पाहिजे, तसं त्याच्या नेमणूकपत्रात लिहून घ्या. ठेकेदाराशी करारात एकच वाक्य ठसठशीत असू द्या: इंजिनीअरच्या लेखी सूचनेशिवाय एकही टेकू हलवायचा नाही. घर विकाल तेव्हा खरेदीदाराचा वकील हेच कागद मागेल. आणि इंजिनीअर ‘काढू नका’ म्हणाला तर निम्मी भिंत ठेवून रुंद दरवाजा करता येतो का, ते त्याला विचारा. तीन मीटरऐवजी दीड मीटरचं भगदाड असेल तर बीमवर येणारा भार निम्मा होतो आणि टोकांशी भिंतही शिल्लक राहते.

ठेकेदाराला आजच काम थांबवायला सांगा, ‘नुसतं प्लास्टर काढून ठेवतो’ म्हणाला तरी. वरच्या गृहस्थांना चार ओळी लिहा की इंजिनीअरचा अहवाल येईपर्यंत भिंतीला हात लागणार नाही आणि अहवालाची प्रत त्यांना मिळेल. पुढे काम करायचं ठरलंच, तर सुरू करण्याआधी त्यांच्या परवानगीने वरच्या दोन्ही घरांतल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून घ्या. आधीपासून असलेल्या प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा, आणि त्या यादीवर दोघांच्याही सह्या घ्या.

आपला,
एक वकील