कढीपत्त्याचं नुकसान फोटोवरून ओळखणं

प्रश्न: नवी पालवी वाकडी होतेय, खालची पानं पिवळी पडतायत. अळी, रस शोषणारी बारीक सायला कीड की खताची कमतरता?

वाकडी पालवी म्हणजे बहुतेक सायला आणि खालचा पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. अळी पान कुरतडते, वाकडं करत नाही. तिच्या फोटोत कडा खाल्लेल्या किंवा नुसती मधली शीर उरलेली दिसते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी हिरवी. हाताने वेचली तरी पुरे.

सायलासाठी कोवळ्या शेंड्याचा जवळून, पानाच्या खालच्या बाजूसकट फोटो घ्या. चपटी पिवळसर पिल्लं आणि त्यांच्यामागे पांढऱ्या मेणाचे वळलेले धागे दिसले की शंका नको. पान चिकट लागतं, पुढे त्यावर काळी बुरशी येते. शेंडा छाटा, मग 1 लिटर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

कमतरतेत पान सहसा कुरतडलेलं नसतं, चिकटही नसतं. जुनी पानं सारखी पिवळी तर नत्र. नवी पिवळी पण शिरा हिरव्या तर लोह. मात्र कुंडीत पाणी साचूनही असाच पिवळेपणा येतो, म्हणून खत देण्याआधी माती बोटाने तपासा.