फोटोत डाग दिसतो, औषध दिसत नाही

प्रश्न: तीन फोटो जोडले आहेत. चकचकीत सफरचंद (गरम पाण्यात बुडवल्यावर पांढरा थर आला), पिवळीधमक पण देठाशी हिरवी केळी, आणि पांढरट पावडर असलेली द्राक्षं. मेण, कार्बाइड किंवा फवारणीच्या औषधाचे अंश आहेत का, हे फोटोवरून कुणी सांगू शकेल का?

उत्तर:

सफरचंदापासून सुरू करतो, कारण तुमच्या तीनपैकी त्याच फोटोत बाहेरून काही लावल्याची खूण दिसते.

नुसत्या चकाकीवर जाऊ नका. सफरचंद झाडावर असतानाच सालीवर स्वतःचं मेण धरतं, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. तोडलेलं फळ कोरड्या फडक्याने जोरात पुसलं की या मेणाचे बारीक खवले दबून सपाट होतात आणि फळ लखलखायला लागतं. त्यावर फोनचा फ्लॅश पडला की झालंच.

गरम पाण्याच्या प्रयोगाचंही तसंच. मेण झाडाने दिलेलं असो की माणसाने लावलेलं, गरम पाण्यात ते मऊ होतं, त्याचा पारदर्शकपणा जातो आणि पांढरट पापुद्रा दिसतो. सुरीने खरवडून मेण काढून दाखवणारे व्हिडिओ म्हणूनच मला पटत नाहीत. सालीवर मेण आहे एवढंच त्यातून कळतं, आणि ते तर असायलाच हवं.

मी दोन हंगाम फळांच्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारीच्या पट्ट्यावर काम केलं आहे. तिथे फळ आधी धुतात. धुताना धुळीबरोबर फळाचं स्वतःचं थोडं मेणही जातं. ते भरून काढण्यासाठी कार्नौबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) किंवा शेलॅक, म्हणजे आपली लाख, यांचा पातळ फवारा देऊन फळ फिरत्या ब्रशांवरून पुढे सरकवतात. एका फळाला थेंब-दोन थेंब पुरतात. गालांवर ब्रश छान फिरतो, पण देठाच्या खळग्यात तो नीट पोचत नाही. मग तिथे द्रव साचतो आणि तसाच वाळतो. शिवाय देठावरही तो लागतो.

म्हणून लेप ओळखायचा असेल तर मी फळाच्या गालाकडे बघतच नाही, देठ बघतो. झाडावरून आलेला देठ कोरडा, काडीसारखा असतो. तुमच्या वरून काढलेल्या फोटोत देठ व्हार्निश लावल्यासारखा चमकतोय आणि खळग्याच्या तळाशी वाळलेल्या थेंबाची कडा दिसतेय. त्यामुळे या फळाला बहुधा वरून लेप दिलेला आहे, असं मी म्हणेन. लेप कार्नौबाचा की लाखेचा, हे मात्र फोटोवरून सांगता येणार नाही. खोक्यावर घटक लिहिलेले असतील तर ९०१ म्हणजे मधमाशांचं मेण, ९०३ म्हणजे कार्नौबा आणि ९०४ म्हणजे शेलॅक. तिन्ही खाद्यपदार्थांत वापरली जाणारी द्रव्यं आहेत. आणि हो, तुम्ही फक्त बाजूने काढलेला फोटो टाकला असता तर मी गप्प बसलो असतो.

केळ्यांचा फोटो उत्तम आला आहे, पण त्याचा उपयोग नाही. ‘पिवळं केळं, हिरवा देठ म्हणजे कार्बाइड’ हा संदेश मलाही महिन्यातून एकदा येतो. केळी पिकवणारे लोक रंगाच्या सात पायऱ्या मोजतात. त्यातली पाचवी म्हणजे पिवळं अंग आणि हिरवी टोकं. साध्या, रीतसर पिकवलेल्या केळ्याची ही रोजची अवस्था आहे. सहाव्या पायरीवर हिरवं जातं आणि सातव्या पायरीवर तपकिरी ठिपके येतात.

कार्बाइडचा माग फळावर का लागत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. पिकताना फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं. पिकवणीच्या खोलीत हाच वायू बाहेरून देतात. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन निघतो. हा इथिलीनचा दूरचा भाऊ. फळाच्या पेशीतलं इथिलीनचं कुलूप त्याच्या किल्लीनेही उघडतं, फक्त जोर जास्त लावावा लागतो. कुलूप उघडल्यावर आत जे घडतं ते सारखंच: हरितद्रव्य मोडतं आणि पिवळा रंग वर येतो. मग कॅमेऱ्याला दोन्हींत फरक दिसणार कुठून? कार्बाइडचा खरा धोका त्यात मिसळलेल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अशुद्धींचा आहे, आणि त्यांना रंग नाही.

फळ कापून फोटो काढलात तर गर कच्चा, फिकट आणि साल मात्र पिवळी, एवढं दिसू शकेल. त्याचा अर्थ फळ कोवळं असताना तोडलं, असा होतो. कशाने पिकवलं ते त्यात नाही. कार्बाइडच्या शोधात फोटो काढायचाच असेल तर पेटीच्या तळाचा काढा. कागदाच्या पुड्या किंवा राखाडी-पांढरी चुन्यासारखी भुकटी सापडली तर तो पुरावा धरता येईल. (भुकटीवर पाणी टाकू नका आणि जवळ काडी ओढू नका. उरलेल्या कार्बाइडमधून पेटणारा वायू निघतो.) लसणासारखा वासही येतो, पण तो फोटोत कसा येणार?

द्राक्षांवरची पावडर हे द्राक्षांचं स्वतःचं मेण आहे. तुमच्या फोटोत ती सगळ्या मण्यांवर सारखी पसरली आहे आणि डावीकडच्या दोन मण्यांवर बोटाचा ठसा उमटून खालची गडद साल दिसतेय. हीच तिची खूण. फवारा वाळतो तेव्हा असा सारखा थर बसत नाही. थेंबांची गोल कडं उमटतात, ओघळ दिसतात, आणि मण्याच्या खालच्या टोकाला, जिथे शेवटचा थेंब लोंबतो, तिथे डाग जाड होतो. असं काही दिसलं असतं तर काहीतरी फवारलं होतं, एवढं म्हणता आलं असतं. ते औषध होतं की उन्हापासून बचावासाठी मारलेली साधी पांढरी माती, हे तेव्हाही कळलं नसतं.

उलट, डाग नाही म्हणून फळ स्वच्छ, असंही नाही. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. अर्ध्या किलोच्या घडात ते होतं ०.००५ मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणा अर्धा मिलिग्रॅम धरला तर त्याचा शंभरावा भाग, तोही सगळ्या मण्यांवर पसरलेला. शिवाय काही औषधं सालीत आणि गरात शिरतात. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदात थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक किती खोल जातं ते प्रकाशाच्याच मदतीने पाहिलं होतं. पण त्यासाठी लेसर आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण लागले, आणि औषध ८० मायक्रॉनपर्यंत आत सापडलं. फोनचा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा एवढंच मोजतो.

द्राक्षांबद्दल शंका उरलीच असेल तर त्याच खोक्यातली न धुतलेली किमान दोन किलो द्राक्षं अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेला द्या. ‘कीटकनाशक तपासा’ एवढंच सांगू नका. त्यांच्या यादीत कोणकोणती औषधं आहेत आणि प्रत्येकाचं किती कमी प्रमाण त्यांना मोजता येतं, हे आधी विचारा. यादीत नसलेलं औषध अहवालात येत नाही.