वाढदिवसाची वही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिताना उपयोगी पडेल म्हणून वही घातली. मावशी, भाऊ, मैत्रीण, सगळ्यांची पानं केली. पण लिहिलं काय, तर 'प्रेमळ', 'कष्टाळू'. वाढदिवसाला ते वाचून काहीच सुचत नाही.

उत्तर: कसं सुचणार? 'प्रेमळ' कुठल्याही मावशीला चालतं. गुण नको, घडलं ते लिहा. आणि बोलणं असेल तर तिच्याच शब्दांत. माझ्या मावशीच्या पानावर गेल्या वर्षी तीनच नोंदी झाल्या.

'१४ जून. भर पावसात स्वतःची छत्री भाजीवालीला देऊन आली. म्हणे, माझं घर काय, हे इथं.'

'२ सप्टेंबर. तिच्या मोबाइलची अक्षरं मोठी करून दिली. म्हणाली, आता सगळे माझ्यावर ओरडतायत असं वाटतं.'

'९ नोव्हेंबर. चकलीचं पीठ बिघडलं. त्याची थालीपीठं लावली आणि पाहुण्यांना सांगितलं, आज हाच बेत होता.'

जानेवारीत वाढदिवस आला तेव्हा शेवटची नोंद उचलली: 'मावशी, बिघडलेल्या चकल्यांची थालीपीठं करून "हाच बेत होता" असं ठणकावून सांगावं तर तूच. यंदाही पीठ बिघडू दे, मी जेवायला येतेय. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा!' दोन मिनिटांत झालं. तिन्ही नोंदी कोंबल्या असत्या तर मावशीचा वार्षिक अहवाल झाला असता. वापरलेल्या नोंदीपुढे मी साल घालते, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीच थालीपीठं!

प्रश्न: रोज लिहायला वेळ कुठून आणू?

उत्तर: रोज नकोच. काही घडलं तरच, पण त्याच रात्री. चार दिवसांनी प्रसंग आठवतो, शब्द मात्र गेलेले असतात.

प्रश्न: दिराच्या कर्जाबद्दल लिहिलेलं यजमानांच्या हाती लागलं. घरात अबोला आहे.

उत्तर: कर्ज, आजारपण, विश्वासाने सांगितलेली गोष्ट शुभेच्छांत कधीच येणार नसते, मग ती या वहीत कशाला? ते पान फाडा. दिराने स्वतः वाचलं तरी हसेल, एवढंच तिथे राहू द्या.

प्रश्न: आजोबांच्या सगळ्या कागदांवर १ जून आहे. आजी म्हणते, ते नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचे. वहीत काय लिहू?

उत्तर: जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लावत. तुम्ही तिथी लिहा, श्रावण शुद्ध चतुर्दशी. ती दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की पुढे जाते, म्हणून नवं कॅलेंडर आलं की त्या वर्षीची तारीख पेन्सिलीने टाका. आणि शाळेत नाव घालायला कोण घेऊन गेलं होतं, हे आजोबांना विचारा. जे सांगतील ते पहिली नोंद म्हणून जसंच्या तसं उतरवा.