कॅनडात मास्टर्सला जाताना नवऱ्याला सोबत नेणं: परमिट, काम आणि दोघांचे पैसे

प्रश्न: मला ऑन्टारिओतल्या दोन सरकारी विद्यापीठांकडून सप्टेंबर 2026 साठी ऑफर आल्या आहेत. एक मास्टर्स 12 महिन्यांचं आहे, दुसरं 16 महिन्यांचं. आमचं लग्न दीड वर्षापूर्वी झालं, नवरा साताऱ्यात फार्मासिस्ट आहे. तो माझ्याबरोबर येऊन काम करू शकेल का? आणि बँकेत दोघांचे मिळून किती पैसे दाखवायचे?

उत्तर: दोन्ही ऑफर अजून हातात असतील तर आधी त्यांचाच निकाल लावा, कारण तुमच्या नवऱ्याचं काम करणं त्यावरच अवलंबून आहे. 21 जानेवारी 2025 पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळायचं असेल तर मास्टर्स निदान 16 महिन्यांचं लागतं. (पीएचडी आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांनाही ते मिळतं, पण तो तुमचा विषय नाही.) म्हणजे 12 महिन्यांच्या कोर्सवर नवरा फार तर व्हिजिटर म्हणून येईल. घरात बसेल, भाडं भरायला हातभार लावता येणार नाही. 12 महिन्यांच्या कोर्सची फी कमी दिसते, पण या बाजूने पाहिलं तर तोच महाग पडतो.

16 महिन्यांच्या ऑफरमध्येही एक गोष्ट नीट वाचा. काही विद्यापीठं पत्रात '12 ते 16 महिने' किंवा नुसतं 'तीन ते चार टर्म' असं मोघम लिहितात. अधिकाऱ्यासमोर अर्जाबरोबर जोडलेलं पत्रच असतं, विद्यापीठाची वेबसाइट नव्हे. सप्टेंबर 2026 ते डिसेंबर 2027 हे सोळा महिने होतात, तेव्हा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख पत्रात स्पष्ट हवी. नसेल तर अॅडमिशन ऑफिसला मेल करून सुधारित पत्र मागा. हे फुकटात होतं आणि अर्ज गेल्यानंतर निस्तरणं फार कटकटीचं असतं.

आता काम. ओपन वर्क परमिट म्हणजे कंपनीचं ऑफर लेटर आधी लागत नाही आणि नोकरी बदलायला कुणाची परवानगी नको. तुम्हाला स्वतःला टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासांची मर्यादा आहे, नवऱ्याला ती नाही. तुमच्या बाबतीत अडचण येईल ती त्यांच्या पेशामुळे. आरोग्यक्षेत्रात काम करायचं तर मान्यताप्राप्त पॅनल डॉक्टरकडची मेडिकल तपासणी झालेली असावी लागते. ती झालेली नसेल तर परमिटवरच 'आरोग्यसेवा, बालसंगोपन आणि शाळेत शिकवणं यांसाठी वैध नाही' अशी अट छापली जाते. म्हणून मेडिकल अर्जाआधीच करून घ्या आणि तिचा कागद अर्जाला जोडा. परमिट प्रत्यक्ष हातात पडतं ते कॅनडात उतरल्यावर विमानतळावर. काउंटर सोडण्यापूर्वी त्यावरच्या अटी, नावाचं स्पेलिंग आणि शेवटची तारीख वाचायला सांगा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर अर्ज करत बसावं लागतं. पासपोर्ट लवकर संपत असेल तर परमिटही तेवढ्याच तारखेपर्यंत मिळतं, तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या मुदती आत्ताच पाहून ठेवा.

परमिट मिळालं म्हणून ते आल्या आल्या फार्मासिस्ट होणार नाहीत. त्याला लायसन्स लागतं, परीक्षा असतात, वेळ जातो. तोवर फार्मसी असिस्टंटचं काम लायसन्सशिवाय करता येतं, आणि मी असतो तर तेच शोधलं असतं. कारण पुढे पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा विचार असेल तर त्याच्या कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास या मार्गासाठी एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो आणि पूर्णवेळ शिकताना तुम्ही केलेलं काम त्यात धरलं जात नाही. नवऱ्याचं मात्र धरलं जातं. कॅनडा सरकार प्रत्येक व्यवसायाला एनओसी नावाचा कोड देतं, त्यात फार्मसी असिस्टंट (एनओसी 33103) कुशल कामात बसतो, दुकानातला कॅशियर बसत नाही. कित्येक जोडप्यांच्या हे फार उशिरा लक्षात येतं.

पैशांकडे येऊ. इथे लोक उगाच घाबरतात, कारण दोघं म्हणजे दुप्पट असं धरून चालतात. क्वेबेक सोडून इतर प्रांतांसाठी 1 सप्टेंबर 2025 पासून राहण्या-खाण्याचा आकडा एकट्याला 22,895 आणि दोघांना 28,502 कॅनेडियन डॉलर आहे. म्हणजे नवऱ्यामुळे कागदावर फक्त 5,607 डॉलर वाढतात. (प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच जास्त वाढेल, पण तो प्रश्न वेगळा.) त्यावर पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च.

उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाची फी 34,000 डॉलर, त्यातले 6,000 तुम्ही भरलेत आणि पावती आहे. उरले 28,000. त्यात 28,502 मिळवा, दोघांच्या विमानाचे 3,000 धरा. झाले 59,502 डॉलर. डॉलरला 65 रुपये धरले तर सुमारे 38 लाख 70 हजार. समजा 26 लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, तुमची 7 लाखांची एफडी आहे आणि सासऱ्यांच्या खात्यात 8 लाख. एकूण 41 लाख. बसलं. पण कर्जातूनच जीआयसी, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत आधीच ठेवायची ठेव काढली असेल तर जीआयसीचे पैसे आणि पूर्ण कर्ज असे दोन्ही मोजू नका, रक्कम एकच आहे. जीआयसी 22,895 चीच काढली असेल तर वरचे 5,607 दुसरीकडून वेगळे दिसायला हवेत. आणि नवरा तिथे कमावणार आहे, हे या हिशेबात कुठेच धरता येत नाही.

सासऱ्यांचे पैसे दाखवताना त्यांचं सहीचं पत्र, नात्याचा पुरावा आणि किमान चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट लावा. आपल्याकडे सीएकडून नेटवर्थ सर्टिफिकेट करून घ्यायची सवय आहे, त्यात सातबारा, फ्लॅट, सोनं सगळं येतं. ते जोडा हवं तर, पण शेतजमिनीतून सप्टेंबरची फी भरता येत नाही हे अधिकाऱ्यालाही कळतं. खरा खटका उडतो तो अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम पाच-सात लाख जमा झाले की. जमीन विकली असेल तर खरेदीखत, एफडी मोडली असेल तर बँकेचा कागद, आणि दोन ओळींत खुलासा द्या.

लग्नाच्या पुराव्याला ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. लग्नपत्रिका आणि फोटो हे जोडीला. पासपोर्टवर माहेरचं नाव असलं तरी चालतं, ते बदलण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. फक्त सगळ्या फॉर्मवर एकच नाव ठेवा आणि प्रमाणपत्रावर वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

दोघांनी एकत्र अर्ज करावा की तुम्ही आधी जावं, यावर मतं वेगवेगळी आहेत. दोघं मिळून निघाले की परत येण्याची ओढ कमी, असं अधिकारी धरू शकतो आणि तुमचं स्टडी परमिट नाकारलं तर त्यांचंही जातं. तरीही पैसे भक्कम असतील तर मी एकत्रच करा म्हणेन. पैसे काठावर असतील तर तुम्ही एकटीचा आकडा दाखवून जा. पहिली टर्म झाल्यावर विद्यापीठाचं एनरोलमेंटचं पत्र आणि गुणपत्रक लावून त्यांचा अर्ज करा. मात्र तुमच्या अर्जात विवाहित असल्याचं आणि नवऱ्याचं नाव लिहिलेलं असलंच पाहिजे.

त्यांचं परमिट तुमच्या स्टडी परमिटबरोबर संपतं. नंतर तुम्ही पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर गेलात की त्यांचं नूतनीकरण तुमच्या नोकरीच्या दर्जावर ठरतं, म्हणून शेवटच्या टर्ममध्ये नोकरी शोधताना पदाचा एनओसी कोड विचारून घ्या.