१६० घ्यायचे की २८?

प्रश्न : एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजीचा टर्म पेपर आहे. पूर्व अमेरिकेच्या जंगलातले १६० पक्षी घेतले, जंगल निम्मं झालं असं मानलं, जाती-क्षेत्र सूत्रात z ०.२५ धरला. उत्तर येतं २५ जाती नष्ट. प्रत्यक्षात गेल्या चारच. सूत्र चुकीचं की मी? आणि हेच सह्याद्रीतल्या देवरायांना लावलं तर चालेल का?

उत्तर : सूत्र ठीक आहे, गुणाकारही ठीक आहे. घोळ १६० या आकड्यात आहे.

सूत्र आहे S = cA^z: S म्हणजे जातींची संख्या, A म्हणजे क्षेत्र, c आणि z हे स्थिरांक. त्यात क्षेत्र निम्मं केलं की उरतात 0.5^0.25, म्हणजे साधारण ८४ टक्के जाती. १६ टक्के गेल्या. पण कुठून गेल्या? त्या जंगलातून. जगातून जाण्यासाठी त्या जातीला दुसरीकडे घर नसावं लागतं. तुमच्या १६० पैकी बरेचसे पक्षी उत्तरेकडे कॅनडात किंवा पश्चिमेकडेही घरटी करतात. ओहायोतलं जंगल तोडलं म्हणून ते जगातून संपत नाहीत. स्टुअर्ट पिम आणि रॉबर्ट अ‍ॅस्किन्स यांनी १९९५ साली हीच चाळणी लावली. ज्यांचा वावर जवळपास याच जंगलापुरता आहे असे पक्षी निघाले २८. त्यांचे १६ टक्के म्हणजे साडेचार. गेले पॅसेंजर पिजन, कॅरोलायना पॅराकीट, बाकमन्स वॉर्बलर आणि आयव्हरी-बिल्ड वुडपेकर (याच्यावर अजून वाद घालणारे आहेत). पाचवा रेड-कॉकेडेड वुडपेकर कसाबसा तगून आहे.

आकडा इतका सुरेख जुळला की परीक्षकाला संशय येतो, आणि यायलाच हवा. पॅसेंजर पिजन नुसत्या जंगलतोडीने संपला नाही; त्याची बाजारासाठी अफाट शिकार झाली. सूत्राला बंदूक कळत नाही. शिवाय जंगल एकाच वेळी सगळीकडे तुटलं नाही: पश्चिमेला तोड सुरू असताना पूर्वेकडच्या सोडून दिलेल्या शेतांवर ते परत उगवत होतं. म्हणून ‘निम्मं’ कोणत्या काळातलं, ते पेपरात लिहा.

माझ्या मते (पक्षी हे माझं क्षेत्र नाही, मी झाडांचा माणूस) स्टीफन हबेल आणि फांगलियांग हे यांचा २०११ सालचा आक्षेपही यायला हवा. जात पहिल्यांदा सापडायला जेवढं क्षेत्र लागतं, त्यापेक्षा तिचा शेवटचा जीव नाहीसा करायला बहुतेक वेळा जास्त क्षेत्र तोडावं लागतं. म्हणून वक्र उलटा वाचला की नामशेष जातींचा आकडा फुगतो. यावर उलट मतंही आहेत. एक परिच्छेद पुरे, पण टाळू नका.

आता देवराया. चालेल, पण आडव्या अक्षावर काय घालताय ते आधी पाहा. मला सगळ्यात महाग पडलं ते एक सरकारी कार्यालय, नाव घेत नाही. देवरायांचं क्षेत्र मागितलं तर दप्तरातले आकडे मिळाले, तेही अर्जांवर अर्ज केल्यावर. त्यात देवळाचं आवार, मोकळा कातळ आणि एके ठिकाणी चक्क काजूची बाग धरलेली. वर्षानुवर्षांच्या नोंदी, शिक्का मारलेल्या. छत्री जुळलेली झाडी किती, हे त्यांच्या लेखी कुठेच नव्हतं. दुरुस्ती सुचवली तर उत्तर काय, ‘आमच्याकडे हेच क्षेत्र आहे.’ अहो, झाडं तुमच्या रकान्यात नाही, जमिनीवर उगवतात!

याचा परिणाम नुसत्या ठिपक्यांवर होत नाही. आडव्या अक्षावर चुका कुठे जास्त कुठे कमी अशा विखुरलेल्या असल्या की रेषेचा उतार सपाट होत जातो, म्हणजे z खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मग ‘तुकडे लहान झाले तरी फारसं बिघडत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तोच एखाद्या प्रकल्पवाल्याच्या हाती लागला तर बघायलाच नको. ओळखायचं कसं? लॉग-लॉग आलेखावर जी राई रेषेच्या बरीच खाली पडते, तिच्या कडेने आधी जीपीएस घेऊन चाला, किंवा उपग्रहाच्या चित्रावर बहुभुज काढून दप्तराशी ताडून बघा. जैविक कारण शोधायला त्यानंतर बसा. नंतर बाकीच्या रायाही मोजा. फक्त न जुळणाऱ्याच दुरुस्त केल्या तर ती मनाजोगती निवड होते.

हेक्टर की चौरस किलोमीटर, यावर डोकं खपवू नका. त्याने c बदलतो, z बदलत नाही. मात्र प्रत्येक राईत किती प्लॉट घातले ते नक्की लिहा. मोठ्या राईत जास्त वेळ फिरलात तर उतार दुसऱ्या बाजूने फुगतो. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा z अगदी पुस्तकातल्यासारखा येतो, आणि तेव्हाच तो पुन्हा तपासावा लागतो.