दारू, बी-वन आणि बिघडलेला तोल

माझे दीर रोज पितात. गेला आठवडाभर उलट्यांमुळे घेतलेली नाही, तरी चालताना झोक जातो आणि आज वार कोणता तेही सांगता येत नाही. नशा उतरली नाही का?

आठवड्यानंतर नशा उरत नाही. हे थायामिनच्या, म्हणजे जीवनसत्त्व बी-वनच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. त्यांना आजच, तातडीच्या विभागात न्या. शरीरातला बी-वनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आतडं बी-वन नीट शोषत नाही, त्यात उलट्या. मेंदूला साखरेपासून ऊर्जा मिळवायला बी-वन लागतंच. ते संपलं की तोल, डोळ्यांची हालचाल आणि स्मृती सांभाळणारे भाग आधी बिघडतात. याला वर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात.

दीर पाय फाकवून, भिंत धरून चालतात का ते पाहा. डोळ्यांसमोर बोट धरून हळूहळू बाजूला न्या; बुबुळं थरथरली किंवा एकच वस्तू दोन दिसली, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, म्हणून डोळे ठीक आहेत एवढ्यावर घरी थांबू नका. पडून डोक्याला मार लागला असेल तर तेही सांगा. मेंदूतला रक्तस्राव आणि कमी झालेली साखरही अशीच दिसते.

माझ्या नवऱ्याला दाखल केल्या केल्या, रिपोर्टही यायच्या आधी, बी-वनची इंजेक्शनं सुरू केली. गोळ्या चालल्या नसत्या का?

नसत्या. दारूने बिघडलेल्या आतड्यातून गोळीचा फार थोडा भाग रक्तात जातो, आणि इथे मेंदूपर्यंत भरपूर मात्रा लगेच पोहोचायला हवी. संशय पक्का असेल तर बरेच डॉक्टर ५०० मिलिग्रॅम सलाइनमधून, अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा देतात. दोन-तीन दिवसांनी मात्रा कमी करतात. रिपोर्टला वेळ लागतो, सीटी स्कॅन बहुधा नॉर्मलच येतो आणि तेवढ्यात मेंदूची इजा कायमची होऊ शकते. औषधाची ॲलर्जी क्वचितच होते. त्यामुळे आधी इंजेक्शन, मग खात्री, हेच मला योग्य वाटतं.

ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा त्याबरोबर बी-वन देतात, कारण साखर वापरताना उरलंसुरलं बी-वनही खर्ची पडतं. मात्र रक्तातली साखर फार उतरली असेल तर ग्लुकोज अडवून ठेवत नाहीत. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरून काढावं लागतं. त्याशिवाय बी-वन नीट काम करत नाही.

माझे वडील आता शुद्धीवर आहेत, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही. वॉर्डात असूनही "काल गावच्या लग्नाला गेलो होतो" म्हणतात. खोटं का बोलतात?

ते खोटं बोलत नाहीत. नवी आठवण साठत नाही, म्हणून मेंदू रिकामी जागा जुन्या आठवणींनी भरतो. हा कोर्साकॉफ विकार, वर्निकेनंतर उरणारा. डोळे काही दिवसांत सुधारतात, चालीला आठवडे-महिने लागतात, स्मृती मात्र अनेकांची पूर्ण परतत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. औषधांच्या वेळा स्वतःकडे ठेवा, बी-वनच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. दारू पुन्हा सुरू झाली तर आणखी नुकसान होतं, म्हणून व्यसनमुक्तीचे उपचार डिस्चार्जआधीच ठरवून घ्या.