पेनड्राइव्ह तुटला? लगेच चिप काढायला देऊ नका

दादा, निपाणीत तुमचा पेनड्राइव्ह तुटला, चिप काढायला देऊ का असं विचारलंत. लग्नाचे फोटो त्यातच आहेत, तर तुटलेलं टोक दाबून धरून पुन्हा लावू नका. त्यानं बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतात.

नुसता कनेक्टर निघाला असेल तर निपाणीहून बेळगावला या, मोबाईलचं बोर्डकाम करणाऱ्याकडून चार तारा सोल्डर करून घ्या: वीज, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. ड्राइव्ह दिसला की आधी कॉपी.

चिप-ऑफमध्ये गरम हवेनं मेमरी चिप काढून रीडरवर वाचतात. पण ड्राइव्ह चालवणाऱ्या दुसऱ्या चिपनं, म्हणजे कंट्रोलरनं, डेटा विस्कटून लिहिलेला असतो. तो जुळवणं हेच खरं महागडं काम. कंट्रोलर मेला असेल आणि फोटोग्राफरकडेही प्रत नसेल, तरच पैसे घाला. कंट्रोलरच एन्क्रिप्शन करत असेल, तर चिप वाचूनही सहसा काही हाती लागत नाही.